कानाची पाळी वर उचललेली दिसते का?

*डॉक्टरताई, आम्ही तासगाव तालुक्यात मळ्यात राहतो. माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे, वजन २२ किलो. शुक्रवारी रात्री जेवताना उजव्या कानाखाली दुखतंय म्हणाला. शनिवारी, ८ फेब्रुवारीला, सकाळी उठला तो गाल सुजलेला आणि अंगात १०१ ताप. आज रविवारी डावीकडंही दुखतंय म्हणतो. सासूबाई म्हणतात गालगुंड आहे, उंबराचा चीक लावू. पोराला पुढं मूलबाळ व्हायला अडचण येते असंही म्हणतात. धाकटी मुलगी चार वर्षांची आहे. दीर सव्वीस वर्षांचे, पोरगा त्यांच्याजवळच झोपतो, आणि त्यांचं लग्न २३ तारखेला आहे. लसी सगळ्या सरकारी दवाखान्यात वेळेवर घेतल्यात, मग हे कसं झालं? शाळेत कधी पाठवू? लग्नाचं काय करू?*

ताई, डॉक्टरांकडं उद्या जालच, पण त्याआधी घरी एक गोष्ट करून बघा. मुलाला ओसरीवर उजेडात बसवा आणि तुम्ही त्याच्या पाठीमागं उभ्या राहा. पुढून बघितलं की गाल सुजलाय एवढंच दिसतं. मागून बघितलं की कानाच्या पाळ्या दिसतात. सुजेच्या बाजूची पाळी वर उचललेली आणि बाहेर ढकललेली असेल, तर सूज कानाच्या पुढं आणि खाली असलेल्या लाळेच्या मोठ्या ग्रंथीची आहे. गालगुंडात हीच ग्रंथी सुजते.

मग जबड्याचा कोपरा हलक्या बोटानं चाचपा, कानाखाली हाड जिथं वळतं तो. आधी स्वतःचा चाचपून बघा म्हणजे कळेल. गालगुंडात तो कोपरा सुजेखाली बुडून जातो, हाताला लागतच नाही. घसा सुजल्यावर येणाऱ्या गाठी वेगळ्या असतात. त्या कोपऱ्याच्या खाली, गोल, बोराएवढ्या, बोटाखाली सरकणाऱ्या असतात आणि हाडाची कड स्पष्ट लागते. दाढ किडून आलेली सूज गालाच्या खालच्या भागात असते आणि त्या दाढेला हात लावला की पोर ओरडतं.

आता तोंड उघडायला सांगून बॅटरी मारा. गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या मागच्या दाढांसमोर, एक बारीक टोक दिसेल. तिथून लाळ येते. गालगुंडात ते टोक लालसर आणि थोडं फुगलेलं दिसतं. तिथून पू येताना दिसला, किंवा गालावरची कातडी लालभडक, तापलेली आणि ताणलेली झाली, तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो आणि त्याला अँटिबायोटिक लागतं. साध्या गालगुंडाला लागत नाही, कारण तो विषाणूचा आजार आहे. बॅटरी हातात आहेच तर घसाही बघून घ्या. तिथं करड्या-पांढऱ्या रंगाचा चिकटलेला पापुद्रा दिसला, किंवा सूज गालाऐवजी गळ्यावर पसरून मान जाड झाली आणि श्वासाला आवाज येऊ लागला, तर घटसर्पाची शंका घ्यायची. मग उद्याची वाट बघायची नाही, आत्ताच सांगली-मिरजेच्या सिव्हिलला गाडी काढायची.

लिंबू चाटवून बघायची जुनी पद्धत मात्र करू नका. आंबट लागलं की लाळ सुटते, सुजलेली ग्रंथी आवळते आणि मुलाच्या डोळ्यांतून पाणी येतं. तुमच्या मुलाला पहिली कळ जेवतानाच आली, तेवढा पुरावा पुरे आहे. एकीकडं सुरू होऊन दोन-तीन दिवसांत दुसरी बाजू धरणं हीसुद्धा गालगुंडाचीच चाल. काही मुलांत मात्र शेवटपर्यंत एकच बाजू सुजते. इतर काही विषाणूंनीही अशी सूज येते, त्यामुळं शंभर टक्के खात्री तपासणीनंच होते. ती करायची तर गालाच्या आतून घेतलेला नमुना पहिल्या तीन दिवसांत दिलेला बरा. एकट्या मुलासाठी सहसा गरज पडत नाही. वर्गात आणखी पोरं सुजली असतील तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा, ते ठरवतील.

लसीचं तुमचं कोडं कार्ड काढलंत की सुटेल. कार्डावर ‘गोवर’ किंवा ‘एमआर’ लिहिलेलं असेल. एमआर म्हणजे गोवर आणि रुबेला. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात जी मोठी मोहीम सुरू झाली, तीही एमआरचीच होती. गालगुंडाची लस ‘एमएमआर’मध्ये असते, त्यातला मधला ‘एम’ गालगुंडाचा. सरकारी वेळापत्रकात ती नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षं अशा तीन वेळा एमएमआर द्यायला सांगते, पण ती खासगीत विकत घ्यावी लागते. म्हणजे तुमच्याकडून काही राहून गेलेलं नाही. तुम्हाला जे सांगितलं ते सगळं तुम्ही केलंत, त्यात ही लसच नव्हती. हे दर आठवड्याला कुणा ना कुणा आईला मी सांगते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण प्रत्येक जण आधी स्वतःलाच दोष देत आलेली असते.

आता त्याच्या दुखण्याकडं. पॅरासिटामॉल द्यायचं, आणि ते वजनावर मोजायचं. एका वेळेला किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे २२ किलोला २२० ते ३३०. बाटलीवर ‘५ मिलीमध्ये’ किती मिलिग्रॅम ते वाचा, कारण निम्म्या ताकदीचं आणि दुप्पट ताकदीचं अशी दोन्ही सिरपं मिळतात. २५० लिहिलं असेल तर ५ मिली द्या. १२० किंवा १२५ लिहिलं असेल तर १० मिली. घरातला चमचा घेऊ नका, बाटलीबरोबर आलेल्या मापानंच द्या. दोन डोसांत सहा तास जाऊ द्या आणि दिवसात चारच्या वर देऊ नका. सर्दी-तापाच्या एकत्र औषधातही पॅरासिटामॉल असतं, ते सोबत दिलं तर डोस दुप्पट होतो. ॲस्पिरिन असलेली पाण्यात विरघळणारी गोळी मुलाला अजिबात नको, विषाणूच्या तापात तिनं लिव्हर आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. डोस जेवणाच्या अर्धा तास आधी बसेल अशी वेळ जमवा. चावताना होणारी कळ तेवढी कमी होते आणि पोर चार घास जास्त खातं.

खाण्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. चावावं लागू नये आणि आंबट असू नये. आजारी माणसाला आपल्याकडं हटकून ताक-भात देतात, पण या पोराला ताक झोंबेल. चिंच-आमसुलाची आमटी, लिंबू, संत्रं यांचंही तेच. आणि आत्ता तुमच्याकडं दारात द्राक्षं असतील, पाहुण्यांसमोर बेदाणे असतील, तेही आठवडाभर त्याच्यापासून लांब ठेवा. द्राक्ष आंबटगोड म्हणून कळ आणतं, बेदाणा चावावा लागतो म्हणून. मऊ वरण-भात तूप घालून, पातळ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेलं रताळं, असं त्याला आवडेल ते द्या. एक-दोन दिवस नुसत्या पेजेवर राहिला तरी चालेल, पाणी मात्र कमी पडू देऊ नका. सहा-आठ तासांत एकदा तरी लघवीला गेला पाहिजे. लाळ कमी झाल्यानं तोंड कोरडं पडतं आणि वास येतो, म्हणून दिवसातून तीन-चारदा कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावा.

गालावर गार पाण्याची घडी ठेवा, नाहीतर कोमट कापड. दोन्ही चालतात. कुठलं बरं वाटतं ते त्यालाच विचारा.

उंबराच्या चिकाचं सासूबाईंना समजावून सांगावं लागेल. सूज पहिले एक ते तीन दिवस वाढते आणि मग आपोआप उतरत आठवड्याभरात, फार तर दहा दिवसांत जाते. त्यामुळं तिसऱ्या दिवशी जे काही लावलं असेल त्याला गुण आला असं वाटतं, मग तो चीक असो नाहीतर गेरू. चिकानं कोवळ्या कातडीवर आग होऊन फोड येऊ शकतात, आणि वर पापुद्रा धरला की खालची कातडी लाल झाली का ते मला किंवा तुम्हाला दिसत नाही. आजींना काहीतरी करावंसं वाटतंय, ते नातवाच्या मायेपोटीच. त्यांना घडी बदलायचं काम द्या. डागून आणू असं कुणी म्हटलं तर मात्र ठाम नाही म्हणा.

मूलबाळ न होण्याची भीतीही त्यांच्या मनातून काढा. गालगुंडात वृषण सुजतात हे खरं, पण ते वयात आलेल्या मुलांत आणि पुरुषांत. आठ वर्षांच्या मुलात हे फार क्वचित होतं.

आता दिवस मोजू. कॅलेंडर घेऊन बसा, कारण शाळा, धाकटी आणि लग्न या तिन्हींचं उत्तर त्यातच आहे. गालगुंडाचा रुग्ण सूज दिसायच्या दोन दिवस आधीपासून सूज आल्यावर पाच दिवसांपर्यंत दुसऱ्याला देतो. सूज शनिवारी ८ तारखेला आली, म्हणजे तो गुरुवार ६ पासून देत होता आणि गुरुवार १३ पर्यंत देत राहील. १४ तारखेपासून त्याच्यामुळं धोका नाही, गाल थोडा सुजलेला दिसत असला तरी. दुसरी बाजू सोमवारी फुगली म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायची नाही. ताप गेला असेल आणि नीट खात असेल तर १४ ला शाळा चालेल. मी तुमच्या जागी असते तर १७ चा सोमवार धरला असता, म्हणजे तीन दिवस अंगात जोर यायला मिळतात. बाईंना मात्र उद्याच फोन करा. ६ आणि ७ तारखेला तो वर्गात होता, एका बाटलीतून पाणी प्यायलेली पोरं असतील, त्यांच्या आईबापांना लक्ष ठेवता येईल.

१३ पर्यंत घरात त्याचं ताट, पेला, टॉवेल वेगळा ठेवा आणि अंथरूण वेगळ्या खोलीत घाला. विषाणू लाळेत आणि खोकल्याच्या थेंबांत असतो. त्याचा उष्टा घास धाकटीला नको, त्याच्या हातातली पिपाणी तिच्या तोंडात नको. भांडी नेहमीच्या साबणानं घासली की पुरे, राख किंवा उकळतं पाणी लागत नाही. त्याला खोलीत कोंडून घालू नका, खिडकीशी बसवा, गोष्टी सांगा. तुम्ही जवळ जायचंच आहे, तेव्हा हात धुवा आणि त्याला रुमाल तोंडावर धरायला सांगा.

एवढं करूनही धाकटीचा आणि दिरांचा संपर्क होऊन गेलाय, कारण ६ आणि ७ तारखेला कुणालाच काही माहीत नव्हतं. विषाणू अंगात शिरल्यापासून सूज यायला बहुतेकदा १६ ते १८ दिवस लागतात. कमीत कमी १२, जास्तीत जास्त २५. सहा तारखेपासून मोजलं तर १८ फेब्रुवारी ही सगळ्यात लवकरची तारीख. आज रात्रीपासून वेगळं झोपवलंत, तर आजच्या ९ तारखेपासून २५ दिवस म्हणजे ६ मार्च ही शेवटची. आणि नेहमीचे १६ ते १८ दिवस धरले तर २२ ते २७ फेब्रुवारी. लग्न बरोबर त्यातच येतंय. हे तुम्हाला सांगताना मलाही जड जातंय, पण हळदीच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

पण सव्वीस वर्षांच्या माणसाला गालगुंड होईलच असं नाही. आधी सासूबाईंनाच विचारा, लहानपणी दिरांना झालं होतं का. घरात हे त्यांच्याइतकं कुणाला आठवणार नाही. दोन्ही गाल फुगून आठवडाभर पेजेवर होता असं आठवत असेल, तर त्यांना पुन्हा होण्याची शक्यता फार कमी. नाही आठवलं तरी अनेकांना हा आजार सूज न येताच होऊन गेलेला असतो. आठवण कच्ची वाटली तर रक्तात त्याची प्रतिकारशक्ती आहे का हे तपासता येतं. उद्या डॉक्टरांना विचारा, एक-दोन दिवसांत उत्तर मिळालं तर मनावरचं ओझं उतरेल.

तपासणीत प्रतिकारशक्ती नाही असं आलं तर एमएमआर घेता येते, पण तिची मर्यादा समजून घ्या. विषाणू आधीच शिरला असेल तर लस त्याला थांबवत नाही. शिरला नसेल तर पुढच्या संपर्कापासून राखते. धाकटीलाही हेच लागू, तिला डॉक्टरांना दाखवून लस द्याच. गरोदर बाईला ही लस देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर गरोदर राहायचं नसतं. नव्या नवरीलाही घ्यायची असेल तर तिला हे आधी सांगा. कुणी गरोदर पाहुणी लग्नासाठी आधी राहायला येणार असेल, तर तिलाही फोनवर सगळं सांगून तिच्या डॉक्टरांना विचारू द्या.

लग्न पुढं ढकला असं मी म्हणणार नाही. १८ पासून दिरांनी रोज सकाळी दाढी करताना कानाखाली हात फिरवून बघावा, आणि धाकटीचे गाल तुम्ही वेणी घालताना बघा. चावताना कळ, अंगदुखी, ताप यांतलं काही आलं, तर त्या दिवसापासून पाच दिवस घरात. ते २१-२२ ला झालं तर मुहूर्त हलवायचा की विधी मोजक्या माणसांत उरकायचे, हे दोन्ही घरांनी बसून ठरवा. म्हणून मुलीकडच्यांना आत्ताच कल्पना द्या. लपवलेलं कळलं की कडवटपणा येतो, आधी सांगितलेलं लोक समजून घेतात.

दिरांना गालगुंड झालंच तर सूज आल्यावर साधारण चार ते आठ दिवसांत, कधी त्याहून उशिरा, वृषण दुखून सुजू शकतात. बहुतेकदा एकच बाजू. लाजून घरात बसू नये, त्याच दिवशी दाखवावं. आधार देणारी चड्डी, गार शेक, वेदनाशामक औषध आणि विश्रांती यांनी ते उतरतं, आणि त्यानं पूर्ण वंध्यत्व येणं विरळाच. मात्र अचानक असह्य कळ आली तर ती वृषणाला पीळ पडल्याचीही असू शकते. त्यात सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली. म्हणून ‘गालगुंडाचंच असेल’ असं म्हणून रात्र काढायची नाही.

मुलाच्या बाबतीत या आठवड्यात मला तुमची नजर तीन गोष्टींवर हवी. डोकं इतकं दुखतंय की हनुवटी छातीला टेकवता येत नाही, उलट्या होतायत, सुस्तावलाय किंवा झटका आला. वरच्या पोटात जोराची कळ येऊन उलट्या होतायत. ताप चार दिवसांच्या पुढं गेला किंवा पाणीही गिळत नाही. यातलं एकही दिसलं तर लगेच दाखवा.

आणि कान. हे मी जरा जास्त सांगते, कारण आमच्या घरात ते चुकलंय. माझ्या भाच्याला सहाव्या वर्षी गालगुंड झालं, आठवड्यात पोर खेळायला लागलं, सगळे विसरलो. दोन वर्षांनी दिवाळीत मी त्याला फोन दिला, तर त्यानं तो उजव्या हातात घेऊन डोक्यावरून वळसा घालत डाव्या कानाला लावला. मी फोन उजव्या कानाकडं नेला तर म्हणाला, ‘आत्या, इकडून माणूस बोलतच नाही.’ त्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं. गालगुंडात असा बहिरेपणा क्वचित येतो, बहुतेक एका कानाला, आणि दुसरा कान चांगला असल्यानं कुणाला पत्ता लागत नाही. मूल स्वतःहून सांगत नाही, कारण वर्गात ते नकळत मान वळवून चांगला कान पुढं करतं.

म्हणून १७ तारखेला, शाळेत जायच्या आधी, घर शांत असताना मुलाला पुढं तोंड करून बसवा. तुम्ही हातभर मागं उभ्या राहा. कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा बोटानं दाबून त्याचा डावा कान बंद करा, बोट थोडं हलवत राहा, आणि उजवीकडून कुजबुजत ‘सात, चार, नऊ’ असे आकडे सांगा. त्यानं तसेच परत म्हणायचे. मग उजवा कान बंद करून वेगळे आकडे सांगा. एका बाजूला तो अडखळला, ‘काय?’ म्हणाला, किंवा कान वाजतोय, गरगरतंय असं म्हणाला, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं. लग्नाची गडबड संपली की ८ मार्चला हेच पुन्हा एकदा करा, आणि मला कळवा.